धोंडू, चंद्रकळा आणि एक स्वच्छ काच

आमच्या आईला सकाळी सात वाजता बाल्कनीत बसायला आवडतं आणि साडेसातला गोळ्या घ्यायच्या असतात. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरात. हे अंतर साधारण आठ मीटर. मी रोज डबा उचलून नेऊन दिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी इंजिनिअर असल्यामुळे त्यासाठी रोबो बनवायला घेतला आणि चार महिने आईच्या गोळ्या चुकत राहिल्या.

रोबो म्हणजे प्लायवूडचा पाट, दोन मोटारी, मागे एक भिरभिरं चाक आणि पुढे जमिनीपासून बारा सेंटिमीटरवर शेंगदाण्याएवढा एक सेन्सर, VL53L0X. नाव ठेवलं धोंडू. बायको म्हणाली, नाव आपोआप सार्थ होईल.

सेन्सरचं काम ऐकायला फार गोड आहे. तो डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो, ९४० नॅनोमीटरचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटच्याच जातकुळीचा. प्रकाश समोरच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर सांगतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. एक मीटरवरच्या भिंतीला शिवून परत यायला त्याला जेमतेम पावणेसात नॅनोसेकंद लागतात. तेवढं मोजणारी वस्तू शेंगदाण्याच्या आकारात मिळते, याचं मला इतकं कौतुक वाटलं की प्रकाश परतच आला नाही तर काय, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

पांढऱ्या भिंतीसमोर धोंडू गुणी बाळ होता. पस्तीस सेंटिमीटरवर थांबायचा, वळायचा. मी पाहुण्यांना बोलावून बोलावून दाखवलं. पाहुणे चहा पिऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी धोंडू ट्रेडमिलवर आदळला.

ट्रेडमिल आमच्याकडे कपडे वाळत घालायला आहे. तिचं पुढचं झाकण काळं, चकचकीत आणि तिरकं. धोंडूने वेग जरासुद्धा कमी केला नाही. माहेरी निघाल्यासारखा सरळ गेला आणि धाडकन आपटला. पट्ट्यावरचे दोन पायमोजे त्याच्या डोक्यावर पडले.

मी लॅपटॉप जोडून आकडे पाहिले. ट्रेडमिल साठ सेंटिमीटरवर असताना सेन्सर म्हणत होता `8190`. मिलिमीटरमध्ये. म्हणजे आठ मीटर मोकळा रस्ता! आमच्या हॉलची लांबीच पाच मीटर आहे. धोंडूला ट्रेडमिलच्या पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं म्हणायचं.

`8190` हे अंतर नव्हेच. सेन्सरला पुरेसा प्रकाश परत मिळाला नाही, की तो हा ठरावीक आकडा पुढे करतो. 'मला काही दिसलं नाही' हे त्याच्या भाषेत असं म्हणतात. आकड्यासोबत तो एक शेराही देतो. शेरा `0` असेल तर मोजमाप ठीक, `2` म्हणजे परतलेला प्रकाश फार क्षीण, `4` म्हणजे हिशेबच जुळेना. मी शेरा वाचतच नव्हतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये एवढंच होतं:

```
lox.rangingTest(&m, false);
if (m.RangeMilliMeter > 350) pudhe();
```

`8190` हा ३५० पेक्षा मोठाच असतो. सेन्सर बिचारा 'दिसत नाही हो' म्हणत होता आणि मी 'मग जा बिनधास्त' असं ऐकत होतो. घरात माझ्यावर हाच आरोप आधीपासून आहे, पण तो वेगळा विषय.

काळ्याचा हिशेब साधा आहे. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशातला ऐंशी-नव्वद टक्के परत करते, काळं प्लास्टिक पाचेक टक्के. म्हणजे सतरा-अठरापट कमी. आणि अंतर दुप्पट झालं की परतणारा प्रकाश चौथाई होतो. हे दोन्ही जमेस धरलं, तर जो सेन्सर भिंत एकशेवीस सेंटिमीटरवरून ओळखतो, त्याला काळं प्लास्टिक अठ्ठावीस-तीस सेंटिमीटरवर आल्याशिवाय दिसणार नाही. मी थांबायला सांगितलं होतं पस्तीसवर. त्यात झाकण चकचकीत आणि तिरकं, म्हणजे जे काही पाच टक्के उरले तेही छताकडे रवाना.

आता घरातलं काळं काय काय आहे त्याची शिरगणती करायला हवी होती. रविवारी मी जेवणाच्या टेबलावर सेन्सर ठेवला आणि साठ सेंटिमीटरवर एकेक वस्तू धरायला लागलो. रबरी चपलेचा तळ: `8190`. स्कूटरचं जुनं टायर: `8190`. मग आईची संक्रांतीची सुती चंद्रकळा धरली. काळीभोर, अंधारात हरवेल अशी. सेन्सर म्हणाला `604`. पुन्हा धरली. `602`. शेरा `0`. जणू पांढरी भिंतच.

मी चाट. मग उलगडा झाला. चपलेत आणि टायरमध्ये काळेपणा येतो तो काजळीने, आणि काजळी दिसणारा-न दिसणारा सगळाच प्रकाश गिळते. कापडाचा काळा रंग मात्र आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापुरताच काळा असतो. बऱ्याच रंगांना ९४० नॅनोमीटरचा प्रकाश अडवताच येत नाही, तो आतल्या सुतावर पडून खुशाल परत येतो. त्यामुळे कुठली वस्तू सेन्सरला काळी हे आपल्या डोळ्याने ठरवता येत नाही, समोर धरूनच पाहावं लागतं. हे मी आईला उत्साहाने समजावलं. ती चंद्रकळेची घडी घालत म्हणाली, "साडीचं काळं आणि चपलेचं काळं एक नाही, हे कळायला यंत्र कशाला हवं रे? आणि चपलेला लावलेला हात साडीला लावलास ना?"

प्रोग्रॅम सुधारला. शेरा `0` नसेल तर वेग एकदम कमी, आणि पुढे फोमची पट्टी लावून तिच्यामागे एक छोटा स्विच, म्हणजे धडकलाच तर हळू धडकेल आणि थांबेल. पण यात एक गंमत झाली. समोर खरोखरच दोन मीटर काही नसतं तेव्हाही सेन्सर 'दिसत नाही' असंच सांगतो. त्यामुळे धोंडू मोकळ्या हॉलमध्ये वरातीच्या घोड्यासारखा चालायला लागला. साडेसातच्या गोळ्या पावणेआठला पोचू लागल्या. तरी पोचत होत्या.

मग त्याने स्टीलच्या पिंपाशी वैर धरलं.

पिंप हे प्रकरण ट्रेडमिलहून वाईट, कारण इथे सेन्सर गप्प बसत नाही, खोटं बोलतो, आणि तेही शेरा `0` देऊन, छातीठोकपणे. धोंडू पिंपाच्या बरोबर मध्यावर रोखून गेला तर अंतर अचूक येई. पण जरा बाजूने गेला की गोल, घासून लख्ख केलेल्या स्टीलवरून प्रकाश आरशासारखा निसटायचा, बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर जायचा आणि त्याच वाटेने परत यायचा. सेन्सर त्या सगळ्या वळशाचं अंतर सांगायचा. पिंप पंचवीस सेंटिमीटरवर आणि आकडा `910`. धोंडू पिंपाला खांदा मारून जाई, पिंप घंटेसारखं वाजे, आणि झोपलेला माझा मुलगा उठून शाळेची वेळ झाली का विचारी.

आकड्यांच्या जोरावर हे पकडायला मी बरीच खटपट केली. थांबून दहा अंश डावीकडे, दहा अंश उजवीकडे मान वळवायची. भिंत असेल तर आकडा हळूहळू बदलतो. पिंप असेल तर `260`वरून एकदम `910`वर उडी. अशी उडी दिसली की त्यातला लहान आकडा खरा मानायचा. हे चाललं, पण धोंडू दर चार पावलांनी नकार दिल्यासारखी मान हलवायला लागला. आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जुन्या सुती परकराचा एक पट्टा काढून पिंपाला शिवला, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत. पिंपाला झबलं घातल्यासारखं दिसतं. आकडा कुठूनही बरोबर येतो, कारण खरखरीत कापड प्रकाश सगळीकडे उधळतं, थोडा आपल्याकडेही येतोच. माझा दोन रात्रींचा प्रोग्रॅम मी पुसला नाही, फक्त बंद केला. मानासाठी.

शेवटचं ठाणं बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा. काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला दोन्ही पृष्ठभाग मिळून आठेक टक्के परततो, तोही आरशासारखा एकाच दिशेला. बाकीचा आरपार. धोंडू काचेकडे तिरका येतो, त्यामुळे ते आठ टक्केही दुसरीकडे जातात आणि त्याला दिसते पलीकडची तुळशीची कुंडी. अंतर स्थिर, शेरा `0`. तो श्रद्धेने तुळशीकडे निघायचा आणि काचेवर कपाळमोक्ष करून घ्यायचा. गोळ्या हॉलभर. मजा अशी की सुरुवातीचे दोन महिने हे झालंच नव्हतं, कारण काचेवर मुलाच्या हातांचे ठसे आणि धूळ होती, आणि सेन्सरला ती धूळ दिसत होती. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने काच पुसली आणि धोंडू आंधळा झाला. "आपण काच पुसायची थांबवूया का?" असं मी एकदाच विचारलं.

मग HC-SR04 आणला, ध्वनीने अंतर मोजणारा. ध्वनीला काच म्हणजे भिंतच. त्याचं उलट दुखणं असं की जाड पडदा त्याला नीट दिसत नाही, मऊ कापड आवाज पिऊन टाकतं. पण पडदा प्रकाशवाल्याला छान दिसतो. दोघांत जो जवळचं अंतर सांगेल त्याचं ऐकायचं, असं ठरवलं. शिवाय प्रकाशवाला 'दिसत नाही' म्हणाला आणि ध्वनीवाला 'दोन मीटर मोकळं' म्हणाला तर चाल पुन्हा जलद, त्यामुळे वरात संपली. काच फारच तिरकी आली तर ध्वनीही निसटतो, म्हणून आईने रांगोळीच्या स्टिकरची एक पांढरी पट्टी काचेवर, बारा सेंटिमीटर उंचीवर, चिकटवून टाकली.

यंदा दिवाळीला ती पट्टीही धुवायला म्हणून काढली. काच अशी लख्ख की नाहीच वाटावी. शेजारचे काका फराळाला आले होते. धोंडू आईचा डबा घेऊन निघाला, त्याच्यामागून काका चहाचा कप घेऊन बाल्कनीकडे निघाले. धोंडू काचेच्या अलीकडे बरोबर पस्तीस सेंटिमीटरवर थांबला. काका थांबले नाहीत.

संध्याकाळी आईने पट्टी परत लावली आणि मग स्टूल मागवून आणखी एक लावली, साडेपाच फुटांवर.