मधेच रक्त दिसलं म्हणून गोळी बंद करू नका

फिरणारा मेसेज: "गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर पाळी नसताना डाग पडले तर गोळी मानवत नाही, ताबडतोब थांबवा."

हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यातलं 'ताबडतोब' तर घातकच. गोळीतल्या हार्मोन्समुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. सुरुवातीला त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, म्हणून अधूनमधून पाझरतात. गोळ्या वेळेवर घेतल्या असतील तर संरक्षण तसंच राहतं.

समजा, पहिल्या पाकिटातल्या नवव्या गोळीला तपकिरी डाग दिसला आणि बाईने गोळ्या सोडल्या. दोन-तीन दिवसांत हार्मोन्स उतरतात आणि पाळीसारखा रक्तस्राव होतो. तिला वाटतं, मेसेज खराच होता! शिवाय आधीच्या काही दिवसांत संबंध आला असेल तर गर्भ राहू शकतो, कारण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत टिकतात. तिने दहावी गोळी रोजच्या वेळी घ्यायला हवी होती.

गोळ्यांचे डाग बहुधा तीन महिन्यांत थांबतात, गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाला तीन ते सहा महिने लागतात. दंडातल्या इम्प्लांटचं मात्र सांगता येत नाही. अनियमित स्राव पुढेही चालू राहू शकतो.

गोळी चुकली असेल, उलट्या-जुलाब झाले असतील किंवा टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल, तर संरक्षण कमी झालेलं असू शकतं. तेव्हा कंडोम वापरा, डॉक्टरांना विचारा. संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखणं किंवा तासाला पॅड भिजणं, यांत तीन महिने वाट पाहायची नाही.