केमोआधी बीजं गोठवण्याबद्दलच्या त्या फॉरवर्डला उत्तर

“कॅन्सर निघालेल्या मुलींनी एग फ्रीझिंगच्या भानगडीत पडू नये. त्यात दोन-तीन महिने जातात, हार्मोनच्या इंजेक्शनांनी कॅन्सर वाढतो, आणि एकदम दहा-पंधरा बीजं काढली की पाळी लवकर जाते. निरोगी मुलींनी मात्र चिंता करू नये. बीजं गोठवून ठेवा, पंचेचाळिशीतही मूल नक्की होतं.”

मी आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रिओलॉजिस्ट आहे. हा मेसेज कुणी ना कुणी मला पाठवतं आणि विचारतं, खरं आहे का हे? जिथे तातडीने धावपळ करायला हवी तिथे हा मजकूर घाबरवतो, आणि जिथे सावध करायला हवं तिथे निर्धास्त करतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वेळेचं. पूर्वी इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू करायची पद्धत होती, त्यामुळे पाळीची वाट बघण्यात आठवडे जायचे. आता कॅन्सरच्या पेशंटसाठी पाळीचा कुठलाही दिवस चालतो. याला रँडम स्टार्ट म्हणतात. अंडाशयात लहान फॉलिकल, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पिशव्या, एकाच चक्रात एकाहून जास्त वेळा वाढीला लागतात, म्हणून हे जमतं. शिवाय त्या महिन्यात गर्भ रुजवायचा नसतो, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर कुठल्या टप्प्यावर आहे याने काही बिघडत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा मुलगी 31 वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, गाठ इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे आणि केमो चार आठवड्यांनी सुरू होणार आहे. पाळी येऊन सतरा दिवस झालेत. ती सोमवारी सेंटरला येते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून सोळा लहान फॉलिकल दिसतात. बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच आणि बाकीचं रक्त तपासायला जातं, आणि त्याच संध्याकाळी पोटावर पहिलं इंजेक्शन पडतं. ते रोज, साधारण एकाच वेळेला घ्यायचं. दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी. मोठी फॉलिकल 13-14 मिलिमीटरची झाली की बीजं वेळेआधी फुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन सुरू होतं. बरीचशी फॉलिकल 18 मिलिमीटरपर्यंत आली की रात्री दहाला ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर छत्तीस तासांनी, म्हणजे परवा सकाळी दहाला, थोडी भूल देऊन योनीमार्गातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बीजं काढायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चक्राच्या मध्यावर सुरू केलं तर एखाद-दोन दिवस जास्त लागतात, पण सगळं मिळून दोन आठवड्यांच्या आसपास. तब्येत ठीक असेल तर पुढे दोन-तीन दिवसांत केमो सुरू करता येतो. म्हणजे या मुलीच्या उपचारातला एकही दिवस लांबला नाही. ज्या काळात जखम भरायची होती त्याच काळात हे उरकलं.

अर्थात हे गणित सगळ्या कॅन्सरना लागू नाही. ॲक्यूट ल्युकेमियात केमो काही दिवसांत सुरू करावाच लागतो, प्लेटलेट इतके कमी असतात की सुईने रक्तस्राव होऊ शकतो, आणि संसर्गाची भीती वेगळीच. तिथे दोन आठवडे मागणं चूक आहे. पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्येही इंजेक्शनांनी बीजं वाढवता येत नाहीत, त्यांच्यासाठी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याचा मार्ग असतो. ल्युकेमियात मात्र त्या तुकड्यातही कॅन्सरच्या पेशी असण्याचा धोका राहतो, म्हणून तो सहसा परत बसवत नाहीत. केमोच्या काळात अंडाशयांना ‘झोपवून’ ठेवणारं गोसेरेलिनसारखं इंजेक्शन दर महिन्याला देतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याचा काही प्रमाणात फायदा दिसलाय, पण त्याने काहीही जपून ठेवलं जात नाही, म्हणून ते गोठवण्याच्या बदल्यात धरू नये.

आता हार्मोनचं. या शंकेत तथ्य आहे, म्हणून ती उडवून लावणार नाही. नेहमीच्या पद्धतीने अंडाशयं वाढवली तर इस्ट्रोजेन नैसर्गिक चक्राच्या कितीतरी पट वर जातं, आणि ज्या गाठीला इस्ट्रोजेन पोसतं तिथे हे कुणालाच नको असतं. यावर न्यूयॉर्कमध्ये डॉ. कुटलुक ओक्ताय यांच्या गटाने 2000 नंतरच्या दशकात तोडगा काढला. इंजेक्शनांच्या जोडीला लेट्रोझोलची गोळी रोज द्यायची. ही गोळी इस्ट्रोजेन तयार करणारं एन्झाइमच रोखते. फॉलिकल वाढत राहतात, पण रक्तातलं इस्ट्रोजेन नैसर्गिक चक्राच्या आसपासच राहतं. बीजं काढल्यावरही पातळी खाली येईपर्यंत काही दिवस गोळी चालू ठेवतात. अशा बायकांचा नंतर काही वर्षं पाठपुरावा झाला, त्यात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. हे अभ्यास चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्यांचे नाहीत, म्हणून शंभर टक्के खात्री असा शब्द मी वापरणार नाही. पण ‘कॅन्सर वाढतो’ असं सांगायला आधार नाही, हे ठामपणे म्हणता येतं.

या टप्प्यावर खरी काळजी घ्यायची ती अंडाशयं अति फुगण्याची. पोटात पाणी साठलं, दम लागला तर केमोच लांबतो. म्हणून अशा पेशंटना ट्रिगरसाठी एचसीजीऐवजी ॲगोनिस्ट प्रकारचं इंजेक्शन देतात, त्याने हा धोका खूपच खाली येतो. बीजं काढल्यानंतर पोट घट्ट वाटलं, वजन झपाट्याने वाढलं किंवा लघवी कमी झाली, तर रात्र असली तरी सेंटरला फोन करावा.

पाळी लवकर जाण्याची भीती मात्र निराधार आहे. दर महिन्याला दहा-पंधरा फॉलिकल वाढू लागतात, त्यातलं एक पुढे जातं आणि बाकीची आपोआप विरतात. इंजेक्शनं त्या विरणाऱ्यांना वाचवतात, पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही. साठा जाळतो तो केमो, विशेषतः सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं.

पुढचं काम आमच्या लॅबमध्ये होतं. बीजाभोवती पेशींचं ढगासारखं वेष्टण असतं. ते द्रावणाने आणि बारीक पिपेटने काढलं की मायक्रोस्कोपखाली कळतं बीज पक्व आहे की नाही. पक्व बीजाच्या कडेला एक लहानशी पेशी चिकटलेली दिसते. तीच नसेल तर ते बीज गोठवून सहसा उपयोग होत नाही. वरच्या उदाहरणातल्या मुलीची चौदा बीजं निघाली असं धरू, त्यातली अकरा पक्व. एकेक बीज आधी सौम्य द्रावणात टाकतो. आतलं पाणी बाहेर जातं तसं ते डोळ्यांदेखत आक्रसतं, मग हळूहळू परत गोल होतं. ते पुरतं गोल झालं की तीव्र द्रावणात जेमतेम मिनिटभर. तेवढ्यात ते प्लॅस्टिकच्या अरुंद पट्टीच्या टोकावर कणभर थेंबात ठेवून थेट उणे 196 अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचं. मिनिटाचं दीड मिनिट झालं तर द्रावणच बीजाला मारतं, घाई झाली तर आत पाणी उरून बर्फाचे स्फटिक होतात. जुन्या संथ पद्धतीत असे स्फटिक होऊन बरीच बीजं जायची. ही झटपट पद्धत रुळल्यावर 2012 मध्ये अमेरिकेतल्या प्रजनन-वैद्यक संस्थेने बीज गोठवण्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

आणि इथूनच फॉरवर्डच्या शेवटच्या वाक्याचा हिशोब सुरू होतो. त्या अकरा बीजांपैकी उद्या वितळवल्यावर नऊ-दहा जिवंत निघतील. प्रत्येकात शुक्राणू सुईने सोडावा लागतो, त्यातून सातेक फलित होतील. पाच दिवस वाढवल्यावर तीन-चार गर्भ टिकतील. प्रत्येक गर्भ रुजेलच असं नाही. 31व्या वर्षीची बीजं असल्याने एक मूल होण्याची आशा चांगली आहे, दोनची तेवढी नाही.

हेच वय वाढवून बघा. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलेलं एक गणित आम्ही पेशंटना नेहमी सांगतो. किमान एक मूल होण्याची शक्यता 75 टक्के हवी असेल, तर 34व्या वर्षी साधारण 10 पक्व बीजं पुरतात, 37व्या वर्षी 20 लागतात, आणि 42व्या वर्षी 61. बेचाळिशीत एका वेळेला पाच-सहा बीजं मिळाली तरी समाधान मानतो आम्ही, मग एकसष्टसाठी किती वेळा इंजेक्शनं घेणार? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सेंटरने 2022 मध्ये गोठवलेली बीजं वापरायला परत आलेल्या बायकांचे आकडे छापले. गोठवतानाचं सरासरी वय 38 होतं, आणि मूल झालं 39 टक्क्यांना. अडतिशीच्या आत गोठवलेल्यांचं प्रमाण 51 टक्के होतं. तिथली ही नावाजलेली लॅब, तरीही ‘नक्की’ हा शब्द कुठे बसत नाही.

माजी मिस वर्ल्ड डायना हेडनचं उदाहरण याच संदर्भात नेहमी दिलं जातं. तिला 2016 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली हे खरं. पण तिने बीजं गोठवली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, आणि ती वाढीव आठ वर्षं बीजांच्या वयात धरायची नसतात. ज्या दिवशी बीज गोठतं त्या दिवसाचं वय त्याला कायमचं चिकटतं. पंचेचाळिशीत मूल झालं तर ते सहसा पंचेचाळिशीच्या बीजाचं नसतं. शिवाय शरीर पंचेचाळिशीचंच असतं. गरोदरपणातलं ब्लडप्रेशर, मधुमेह हे धोके गोठवल्याने कमी होत नाहीत. आपल्याकडे कृत्रिम प्रजनन उपचारांवरच्या 2021 च्या एआरटी कायद्याने स्त्रीला हे उपचार 21 ते 50 या वयातच घेता येतात. अविवाहित मुलीलाही बीजं गोठवता येतात, लग्नाचं सर्टिफिकेट लागत नाही.

कॅन्सरवाल्या मुलींनी आणखी एक मर्यादा आधीच विचारून घ्यावी. ओटीपोटावर रेडिएशन होणार असेल तर बीजं सुरक्षित राहतील, पण गर्भाशय नऊ महिने धरू शकेलच असं नाही. मग सरोगसीचा प्रश्न येतो, आणि आपल्या कायद्यात कधीच लग्न न झालेल्या स्त्रीला सरोगसी घेता येत नाही. इस्ट्रोजेनवाल्या गाठीनंतर पाच-दहा वर्षं इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या गोळ्या चालतात. गरोदर राहण्यासाठी त्या मध्येच थांबवायच्या की नाही यावर 2023 मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेतल्यावर जास्तीत जास्त दोन वर्षं थांबलेल्यांमध्ये सुरुवातीच्या काही वर्षांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण हा निर्णय ऑन्कोलॉजिस्टचा, आमचा नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्यावर ऑन्कोलॉजिस्टला पहिल्याच भेटीत विचारा, केमोआधी किती दिवस आहेत आणि आयव्हीएफ सेंटरला पत्र द्याल का. सेंटरमध्ये किती बीजं काढली हे न विचारता किती पक्व बीजं गोठवली हे विचारा, आणि तो आकडा लेखी घ्या. साठवणुकीची वार्षिक फी किती, आणि दर वर्षी नूतनीकरणाची आठवण कोण करतं, हेही त्याच दिवशी. संमतीपत्रात आपल्या मृत्यूनंतर किंवा निर्णय घेता येत नसेल तर बीजांचं काय करायचं हा रकाना असतो. तो केमोच्या आधी, शुद्धीवर आणि सावकाश भरा, घरच्यांना शेजारी बसवून.