पाच पायऱ्यांचा हट्ट

‘नवशिक्यासाठी फोनच्या सूचना लिहिताना पाच पायऱ्यांच्या वर जाऊ नका, लोक पळतात. प्रत्येक पायरीला स्क्रीनशॉट लावा, मग शब्द लागतच नाहीत. आणि काय चुकू शकतं ते लिहू नका, माणूस आधीच घाबरलेला असतो.’ असा सल्ला नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही.

पायऱ्यांचं आधी. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी मी गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचा कागद लिहिला होता, अगदी पाच पायऱ्यांत. दुसरी पायरी होती, ‘सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा’. शेजारच्या काकू तिथेच अडकल्या. मी म्हणत होतो कीबोर्डचं सेटिंग, आणि त्या फोनच्या सेटिंगमध्ये फिरत होत्या. तेवढा एकच भाग सुटा केला तर असा झाला:

1. व्हॉट्सॲपवर मेसेज लिहायच्या जागी टॅप करा. कीबोर्ड वर येईल.
2. स्वल्पविरामाची की दाबून धरा. वर छोटी चौकट उघडेल. बोट उचलू नका.
3. बोट सरकवत दातेरी चाकावर न्या आणि सोडा. सेटिंगची यादी दिसेल.
4. `Languages` दाबा. खाली `Add keyboard` दिसेल.
5. ते दाबा. भाषांची यादी येईल.
6. मराठी निवडा. कीबोर्डच्या मांडण्यांची चित्रं येतील.
7. abc लिहिलेली मांडणी निवडा, `Done` दाबा.

एकाच्या सात झाल्या, पण काकू कुठेच थांबल्या नाहीत. पडदा बदलला की पायरी तोडायची, एवढंच माझं गणित. प्रत्येक पायरीतलं काय दिसेल ते सांगणारं वाक्य मात्र गाळायचं नाही. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ ऐकू येतं म्हणूनच तर नवखा माणूसही निवांत उभा राहतो.

स्क्रीनशॉटचा मी वैरी नाही. दातेरी चाक कसं दिसतं यासाठी एक चित्र मीही ठेवलं. पण ‘दाबून धरा’ आणि ‘बोट उचलू नका’ हे चित्रात कसं दाखवणार? शिवाय काकूंच्या मजल्यावरच एकाचा फोन हिंदीत आहे, त्यांना माझ्या चित्रातली इंग्रजी बटणं कुठून सापडणार? आणि कागदाची झेरॉक्स काढली की सगळी चित्रं काळी.

चुकांबद्दलचा सल्ला मी सरळ उलटा करीन. माझ्या पहिल्या कागदात ‘अडचणी’ पाठीमागे होत्या, आणि कागद कुणी उलटलाच नाही. आता त्या त्या पायरीखालीच लिहितो, आधी काय दिसतंय ते आणि मग उपाय. दुसरीखाली: ‘चौकटीऐवजी नुसता स्वल्पविराम उमटला तर बोट लवकर उचललं गेलं. तो पुसा, पुन्हा धरा.’ सातवीखाली: ‘कीबोर्डवर क, ख, ग दिसू लागले तर दुसरी मांडणी निवडली गेली. दुसरीपासून पुन्हा या.’

काकूंचा स्वल्पविराम तीनदा उमटला. तिन्ही वेळा त्यांनी मला हाक न मारता तो पुसला.