साक्षगंधाची अंगठी गेली कुठं?

आमचं साक्षगंध झालं आणि चौथ्या दिवशी माझ्या बोटातली अंगठी गेली. म्हणजे बोटात होती, फोटोतून गेली.

झालं असं, की लग्न मे महिन्यातलं. नागपुरात मे महिन्यात शेरवानीच्या दुकानांतून वणवण करायची कोणाची हिंमत नव्हती. तेव्हा माझ्या मामेभावानं सुचवलं, "दादा, साक्षगंधाचे फोटो आहेत ना? ॲपमध्ये टाक. घरी बसल्या शेरवानी घालून पाहा." आपला फोटो द्यायचा, कपड्याचा फोटो द्यायचा, अर्ध्या मिनिटात आपण त्या कपड्यात. पंखा फुल करून मी बसलो. पहिल्याच फोटोत मी असा काही देखणा निघालो, की आईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

तो फोटो मी दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत होणाऱ्या सासूबाईंचा फोन. "जावईबापू, अंगठी काढून ठेवली का?"

पाहतो तर खरंच नाही! शेरवानीची बाही मनगटापर्यंत नेताना ॲपनं हात नव्यानं रंगवला होता आणि त्यात अंगठी राहून गेली होती. हिच्या हातावरची मेंदीसुद्धा बदलली होती. माझा डावा हात हिच्या ओढणीखाली शिरला होता, तो बाहेर आलाच नाही. सोफ्यावर बसलेला फोटो दिल्याचा हा परिणाम. दुमडलेले पाय, एकमेकांत अडकलेले हात आणि मांडीवरचा हार यांच्या मागे काय आहे, ते ॲपला दिसत नाही. मग ते अंदाजानं भरतं. हिच्या लेहेंग्याचा घेर तर असा पसरला होता, की आत गुडघे आहेत यावर विश्वास बसेना.

आता मला नादच लागला. एकच लेहेंगा दोन फोटोंवर चढवून पाहिला, तर एकात बुट्टी आंब्याच्या कोयरीची आणि दुसऱ्यात कसलीतरी फुलं. तेव्हा कळलं, की ही जरदोसी कोणत्याच कारागिरानं केलेली नाही. रंगाचं तर विचारूच नका. आमच्या हॉलमध्ये स्टेजवर पिवळे दिवे होते, त्यामुळे माझा पांढरा कुर्ताही मूळ फोटोत ताकाच्या कढीसारखा दिसत होता. ॲपनं नवे कपडेही त्याच उजेडात रंगवले. पिस्ता, मोतिया, फिकट गुलाबी या तिन्हींवर हळद लागलेली. आम्ही दोघांनी दोन रात्री त्यातलं "योग्य पिवळं" निवडण्यात घालवल्या.

शेवटी हिनंच शहाणपण केलं. सकाळी खिडकीसमोर मला सरळ उभं केलं, अंगाला बसणारा टी-शर्ट, हात अंगापासून थोडे दूर, डोक्यापासून पायापर्यंत अख्खा फोटो. त्यावर रंग बरे कळले. बंद गळा माझ्या आखूड मानेला शोभत नाही हेही कळलं आणि लांबी गुडघ्याच्या खाली गेली की मी बुटका दिसतो हेही. एवढ्यासाठी ॲपला मी शंभर गुण देईन.

पुढचे गुण गांधीबागेतल्या टेलरकाकांनी कापले. मी फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"भाऊ, बटणं सात हायेत, काज एकबी नाही. घालता कशी?"

"ते तसंच दिसतं काका."

"अन् हे पोट कोणाचं?"

खरं सांगायचं तर तेच मला सगळ्यात आवडलं होतं. ॲपनं शेरवानी माझ्या मापाची केली नव्हती, मला शेरवानीच्या मापाचं केलं होतं. काकांनी टेप लावली. छाती 42, पोट 41. "या फोटोतल्यावानी शिवाचं म्हणता, त मले आधी तुमचं पोट शिवा लागन," असं म्हणून त्यांनी मला भाड्याच्या दुकानाचा रस्ता दाखवला. लग्नाला तीन आठवडे होते आणि त्यांच्याकडं कपड्यांचे ढीग लागले होते.

भाड्याच्या दुकानात आम्ही पसंत केलेल्या मोतिया रंगाची शेरवानी मिळाली, पण 40 ची. दुकानदारानं ती उलटी करून शिवण दाखवली. आत माया जेमतेम बोटभर उरली होती, बाकीची आधीच्या नवरदेवांनी खाऊन टाकलेली. 42 ची मखमली होती. ती घालून वरमालेसाठी हात वर करून पाहिला, तर काखेत करकचली नाही, पण एसीत उभं राहून पाठीवरून घाम निघाला. फोटोत मखमल काय सुंदर दिसत होती! शेवटी 42 चीच रेशमासारख्या पातळ कापडाची, थोड्या फिक्या रंगाची घेतली आणि अनामत भरली.

ही म्हणाली, "थांब, खरा फोटो काढते, आईला पाठवू."

मी ताबडतोब उजवा हात छातीवर धरला, अंगठी समोर.

"भाऊ, हात खाली घ्या," दुकानदार म्हणाला, "बटणं दिसून नाही राहिली."