‘विद्यार्थ्यांना समजेल’ एवढं लिहून का भागत नाही

> “मोजता येणारी उद्दिष्टं फक्त इन्स्पेक्शनच्या फाइलसाठी असतात. 40 मिनिटांत समज मोजता येत नाही. ब्लूमच्या यादीतलं एखादं क्रियापद टाका, झालं उद्दिष्ट. आणि चार-पाच तरी लिहा, नाहीतर पाठ कच्चा वाटतो.”

हा मेसेज आमच्या इंदूरच्या मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आला. मी सहावीला सायन्स शिकवते, म्हणून माझ्याच एका पिरियडवरून उत्तर देते. विषय होता प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरनं पाण्याचं तापमान मोजणं.

आधी समज मोजण्याचं. ‘तापमान’ ही अख्खी कल्पना एका तासात मोजता येत नाही हे मला मान्य आहे, पण तिचा एक तुकडा नक्की येतो. माझ्या डायरीत आधी हिंदीत एवढंच असायचं, “विद्यार्थी तापमापी का उपयोग समझ सकेंगे”. मग मी शेवटी “समझ में आया?” विचारायचे, सगळे “हां मॅडम” म्हणायचे आणि बेल व्हायची. आता लिहिते: “बल्ब पाण्यात बुडालेला असतानाच, डोळा रेघेच्या लेव्हलला ठेवून, विद्यार्थी रीडिंग घेईल; ते मी त्याच वेळी घेतलेल्या रीडिंगपासून 1 अंशापेक्षा जास्त लांब नसेल.” 1 अंश का, तर आमच्या थर्मामीटरवरचं सगळ्यात छोटं घर 1 अंशाचं आहे. आणि ‘त्याच वेळी’ का, तर गरम पाणी बीकरमधे निवत राहतं, मी दोन मिनिटांनी जाऊन तपासलं तर मुलाचं बरोबर रीडिंगही चूक ठरेल.

हे लिहिल्यामुळे मला एक गोष्ट दिसली जी आधी कधीच दिसली नव्हती. मुलं थर्मामीटर पाण्यातून बाहेर काढून, खिडकीकडे धरून वाचतात! घरी तापाचा थर्मामीटर काखेतून काढूनच वाचतात ना, तीच सवय. पण तापाच्या पाऱ्याच्या थर्मामीटरमधे नळीला बारीक खाच असते, तिच्यामुळे पारा वर थांबून राहतो, लॅबच्याला ती नसते, म्हणून बाहेर काढला की रेघ लगेच उतरायला लागते. ‘बल्ब बुडालेला असताना’ ही अट उद्दिष्टात नसती तर मी नुसता वहीतला आकडा बघितला असता.

आता क्रियापद. ‘सांगू शकेल’, ‘स्पष्ट करू शकेल’ लिहून अर्धंच काम होतं. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1962 मधेच उद्दिष्टासाठी तीन गोष्टी मांडल्या होत्या: मूल काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत, आणि कितपत बरोबर असलं की चालेल. मेसेजमधे पहिलीच गोष्ट आहे, बाकीच्या दोन नाहीत. ‘थर्मामीटरचा उपयोग सांगेल’ यात पाठ केलेली व्याख्याही बसते. आणखी एक, “80 टक्के मुलांना येईल” असं पण बरेच जण उद्दिष्टातच लिहितात, माझ्या मते तो आकडा उद्दिष्टाचा नव्हे, उद्या पुढे जायचं की परत घ्यायचं ते ठरवायचा आहे, तो डायरीत वेगळा लिहावा.

राहिलं चार-पाचचं. माझ्याकडे 42 मुलं आणि 6 थर्मामीटर, म्हणजे एका गटात 7. रेघ स्थिर व्हायला आणि वाचायला धरून एका मुलाला दीड मिनिट दिलं तरी साडेदहा मिनिटं गेली. त्यात हजेरी, माझा डेमो, पाणी वाटणं, सामान गोळा करणं. दोन उद्दिष्टं कशीबशी बसतात, पाच लिहिली तर तीन फाइलमधेच राहणार.

माझं दुसरं उद्दिष्ट कागदावरचं होतं: “थर्मामीटरच्या 4 चित्रांपैकी निदान 3 चं तापमान बरोबर लिहील.” शेवटची 6 मिनिटं त्यासाठीच राखून ठेवलेली. यातल्या एका चित्रात मुद्दाम 40 ते 50 च्या मधे दहाऐवजी पाचच घरं काढली आणि रेघ 40 च्या पुढे तिसऱ्या घरापर्यंत नेली. बरोबर उत्तर 46. खूप जणांनी 43 लिहिलं, म्हणजे घर कितीचंही असो, ते 1 चंच मोजत होते. हे चित्र नसतं तर त्यांची बाकी तिन्ही बरोबर आली असती आणि मला पत्ताही लागला नसता.

कागदावरून हात बरोबर चालला का ते मात्र कळत नाही. ते बघायला मी नावांची यादी घेऊन दोनच गटांजवळ उभी राहते, टिक करते, बाकीचे गट पुढच्या प्रॅक्टिकलला. एका पिरियडमधे 42 हात बघून होत नाहीत, आणि तसं मी डायरीत स्पष्ट लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी नवा धडा न काढता आधी पाच मिनिटं फळ्यावर ते 46 वालं चित्र काढलं आणि एकच विचारलं, “40 ते 50 मधे किती घरं आहेत, मोजा आधी.”