ग्लासने वाइन घेणं म्हणजे लूटच का?

"हॉटेलात वाइन ग्लासने कधीच मागवू नका. पहिल्याच ग्लासात आख्ख्या बाटलीचे पैसे वसूल करतात. बाटली घ्या, स्वस्त पडते. यादीतली दुसऱ्या नंबरची स्वस्त वाइन तर मुळीच नको, सगळ्यात जास्त मार्जिन तिथेच लावलेलं असतं. थोडी महागातली घेतली की मार्कअप, म्हणजे मूळ किमतीवर चढवलेला नफा, कमी लागतो." हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल.

पहिल्या ग्लासाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. अमेरिकेत तर हा धंद्याचा जुना ठोकताळाच आहे: घाऊक भावात बाटली जेवढ्याला पडली, तेवढ्याला एक ग्लास. पण उरलेले ग्लास विकले जातीलच असं नसतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते. तेवढ्यात गिऱ्हाईक नाही आलं तर उरलेली वाइन किचनमधल्या सॉसमध्ये जाते, नाहीतर सिंकमध्ये. ग्लासाच्या दरात ही नासाडी धरलेली असते. ती किती धरली आहे, हे मात्र यादीवरूनच कळतं.

समजा, पुण्यातल्या एका रेस्टॉरंटच्या यादीत नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आहे. दुकानात ९०० रुपयांची बाटली इथे २,४०० ला आणि ग्लास ५५० ला. बाटलीत ७५० मिली, ग्लासात १५० मिली, म्हणजे पाच ग्लास. आता एक ग्लास वाया जाईल असं धरून बाटलीची किंमत चाराने भागा: ६००. ग्लासाचा दर या आकड्याच्या आत असेल तर पाचातला एक ग्लासही त्यांनी पूर्णपणे वाया गेलेला धरलेला नाही. माझ्या मते हा सरळ दर झाला. चार ग्लास प्यायलात तरी २,२०० होतात, म्हणजे बाटलीपेक्षा कमीच. पाचवा ग्लास खरोखर रिचवणार असाल तरच बाटली स्वस्त. दोघं जेवायला गेलात, एकाला सुरमई आणि दुसऱ्याला मटण हवं असेल, तर एकेक वेगळा ग्लास घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

मेख मापात आहे. तोच ५५० चा ग्लास १२५ मिलीचा निघाला तर एका बाटलीचे सहा ग्लास होतात, आणि चाराऐवजी पाचाने भागावं लागतं. मर्यादा ४८० वर येते आणि दर महाग ठरतो. ब्रिटनमध्ये कायद्यानेच ग्लास १२५ किंवा १७५ मिलीचा, नाहीतर त्यांच्या पटीतला असावा लागतो. आपल्याकडे यादीवर माप छापलेलं नसेल तर वेटरला सरळ विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या नंबरच्या स्वस्त वाइनची गोष्ट मात्र निव्वळ दंतकथा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डेव्हिड डी मेझा आणि ससेक्स विद्यापीठाचे विक्रम पठानिया यांनी २०२१ च्या अभ्यासात लंडनच्या रेस्टॉरंटांच्या याद्या तपासल्या. टक्केवारीत सर्वाधिक मार्कअप सापडला तो यादीच्या मध्यावर. दोन्ही टोकांना तो कमी होता. स्वस्त दिसायला नको म्हणून मधली मागवणाऱ्यांनीच याचा विचार करावा. अभ्यास लंडनचा आहे, पुण्या-मुंबईचा नाही, हे खरं.

महागातल्या बाटलीवर दुकानभावाच्या तुलनेत पट कमी लागते, हे बरोबर. पण पैसे टक्क्यांत द्यायचे नसतात. वरच्या शेनिनवर दुकानभावापेक्षा १,५०० जास्त जातात. दुकानात २,५०० ची असलेली बाटली ५,००० ला मिळाली तर पट फक्त दोन, पण २,५०० जास्त गेले. ती वाइन मुळात आवडत असेल तर जरूर घ्या, बचत म्हणून नको.

आयात वाइनचं गणित आणखी तिरकं आहे. साधारणपणे १५० टक्के सीमाशुल्क लागतं (ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना ते कमी आहे). ५०० रुपयांची वाइन बंदरातून बाहेर पडेपर्यंत १,२५० ची होते. बाकीचे खर्च सोडले आणि रेस्टॉरंटने नुसती दुप्पट केली, तरी २,५०० होतात. म्हणजे शुल्कावरही नफा चढतो. महाराष्ट्रातल्या वाइनवर हा बोजा नसतो, म्हणून ग्लासने घ्यायची तर मी आधी नाशिकच्या ओळी वाचतो.

खरा धोका दरात नसून शिळ्या बाटलीत आहे. जास्त खपणारीच घ्या, आणि "बाटली कधी उघडली?" असं विचारून घोटभर चव मागा. पांढरी वाइन गडद पिवळी पडलेली असेल, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येत असेल, किंवा लाल वाइन सपक आणि व्हिनेगरसारखी लागत असेल, तर परत पाठवा. फेसाळ वाइन ग्लासने घेणार असाल तर बाटली तुमच्यासमोर उघडली जात असेल तेव्हाच. एरवी बुडबुडे आधीच निघून गेलेले असू शकतात आणि दर मात्र पूर्ण लागतो.