‘१८२ दिवस बाहेर, म्हणजे भारतात कर शून्य’: हिशेब कुठे चुकतो

हा मेसेज तुम्हीही वाचला असेल: “नोकरीसाठी परदेशात १८२ दिवस काढले की तुम्ही एनआरआय. तिकडे पगारातून कर कापला जातो, त्यामुळे डीटीएए या दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार भारतात त्यावर एक रुपयाही कर लागत नाही आणि रिटर्नही भरावं लागत नाही. सीए लोक उगाच घाबरवतात.”

आधी बेरीज-वजाबाकी करू. आयकर कायदा परदेशातले दिवस मोजतच नाही, तो भारतातले दिवस मोजतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात भारतात १८२ किंवा त्याहून जास्त दिवस राहिलात की तुम्ही निवासी. वर्षाच्या ३६५ दिवसांतून परदेशातले १८२ वजा केले तर भारतातले उरतात १८३. म्हणजे हा मेसेज तंतोतंत पाळणारा माणूस निवासीच ठरतो. अनिवासी व्हायचं तर भारतात जास्तीत जास्त १८१ दिवस हवेत. निघण्याचा दिवस भारतातच धरणं सुरक्षित. त्या हिशेबाने १ एप्रिलपासून भारतातच असलेल्या माणसाला २८ सप्टेंबरपर्यंत निघावं लागतं, आणि मार्चअखेरपर्यंत सुट्टीलाही परतता येत नाही. दिवाळीत आठवडाभर घरी आलात तर ते दिवसही बेरजेत जातात.

याच कायद्यात ६० दिवसांची दुसरी कसोटीही आहे: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असाल तरी निवासी. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती यातून सूट आहे. त्याच्यासाठी ६० ऐवजी १८२ धरतात. पुढच्या वर्षांत नुसतं भेटीला येणाऱ्यालाही ही सूट मिळते, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर त्याची मर्यादा १८२ वरून १२० दिवसांवर येते. ‘नोकरीसाठी’ हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. नेमणूकपत्र आणि कामाचा व्हिसा जपून ठेवा, चार वर्षांनी नोटीस आली तर तेच दाखवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा: तिकडे कापलेल्या कराचं इकडे काय होतं? पुण्यातला एक इंजिनिअर घेऊ, २० नोव्हेंबर २०२५ ला श्टुटगार्टला नोकरीसाठी गेलेला. भारतातले दिवस २३४, म्हणून २०२५-२६ या आर्थिक वर्षात तो निवासी. जन्मापासून इथेच राहिल्यामुळे ‘सामान्य निवासी’सुद्धा. अशा माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं, डिसेंबर ते मार्चचा जर्मन पगारही. वर्षाचे दोन तुकडे करून निघाल्यानंतरचे महिने अनिवासी धरण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनमध्ये तशी तरतूद आहे, म्हणून तिकडच्या मंडळींचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

त्याच वेळी जर्मनीनेही त्याला घर घेतल्यापासून आपला निवासी मानलेलं असतं. दोन्ही देश एकाच माणसावर हक्क सांगतात तेव्हा भारत-जर्मनी करारातलं चौथं कलम निवाडा करतं. कायमचं घर कुठे, हा त्यातला पहिला प्रश्न. दोन्हीकडे असेल तर कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त घट्ट, मग नेहमीचा वास कुठे, मग नागरिकत्व. बायको-मुलं पुण्याच्या स्वतःच्या फ्लॅटमध्येच असतील तर पारडं बहुधा भारताकडे झुकतं. कुटुंब सोबत गेलं आणि फ्लॅट भाड्याने दिला, तर जाण्याच्या दिवसापासून जर्मनीचा निवासी असल्याची बाजू भक्कम होते, आणि जर्मनीत केलेल्या कामाचा पगार करारानुसार भारताच्या हातून सुटतो. पण त्यासाठी तिथल्या फिनान्झाम्टकडून, म्हणजे कर कार्यालयाकडून, निवासी प्रमाणपत्र आणावं लागतं आणि आयकर खात्यापुढे तो दावा टिकवावा लागतो.

आपल्या इंजिनिअरचं कुटुंब पुण्यातच आहे असं धरू. जर्मनीत काम केल्यामुळे त्या पगारावर आधी जर्मनीने कर लावायचा, मग भारतानेही तो करपात्र धरून तिथल्या कराची वजावट द्यायची, असं करार सांगतो. ही सूट नाही, वजावट आहे, आणि तिला मर्यादा आहे. तिथे भरलेला कर किंवा त्याच उत्पन्नावरचा भारतीय कर, यातला जो कमी तेवढीच वजावट मिळते.

आकडे मांडू. भारतातला आठ महिन्यांचा पगार १६ लाख. जर्मनीतला ढोबळ पगार महिना ५,००० युरो, चार महिन्यांचे २०,०००. सोयीसाठी ९० रुपये दर धरला तर १८ लाख. एकूण ३४ लाख, त्यातून नव्या करप्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ३३,२५,०००. यावर कर ५,७७,५०० आणि ४ टक्के उपकर मिळून ६,००,६००, म्हणजे सरासरी १८.०६ टक्के. जर्मन पगाराच्या वाट्याला येणारा भारतीय कर सुमारे ३,२५,१००. जर्मनीत महिना ८०० युरो आयकर कापला गेला असेल तर चार महिन्यांचा २,८८,००० रुपये. वजावट एवढीच. उरलेले सुमारे ३७,१०० रुपये भारतात भरायचे. कर दोनदा लागला नाही, पण दोन्ही देशांत मिळून जास्तीचा जो दर, तो लागलाच. उलट जर्मन कर चार लाख असता, तर वजावट ३,२५,१०० वर थांबली असती. वरचे ७४,९०० भारत परत देत नाही आणि पुढच्या वर्षी ओढूनही नेता येत नाहीत.

सगळ्यात जास्त चुका पगारपत्रक वाचण्यात होतात. त्यावर आयकराशिवाय पेन्शन विमा, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा कापलेला दिसतो, मिळून महिना सुमारे हजार युरो. तो कर नाही, त्याची वजावट मिळत नाही. भारतात मात्र हातात आलेला नव्हे, तर ढोबळ पगार दाखवावा लागतो. एकूण कपातीचा आकडा ‘परदेशात भरलेला कर’ म्हणून टाकणाऱ्याची वजावट तपासणीत निम्म्याहून खाली येते.

दुसरी खाच कॅलेंडरची. जर्मनीचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे मालकाचं वार्षिक प्रमाणपत्र २०२५ साठी वेगळं आणि २०२६ साठी वेगळं. आपल्या वर्षासाठी पहिल्यातलं डिसेंबर आणि दुसऱ्या वर्षाच्या पगारपत्रकांतले जानेवारी ते मार्च असं जुळवावं लागतं. त्यात दर महिन्याची कपात बारा महिने तोच पगार मिळणार असं धरून होते, म्हणून वर्षाच्या शेवटी गेलेल्या माणसाला तिथे रिटर्न भरल्यावर बऱ्याचदा परतावा येतो. (दर ठरवताना जर्मनी त्याच वर्षातलं आधीचं भारतीय उत्पन्नही मोजते, त्यामुळे परतावा वाटतो तेवढा मोठा नसतो.) समजा ४०० युरो परत आले. मग खरा भरलेला कर २,८८,००० नव्हे, २,५२,००० झाला, आणि भारतातलं देणं ३७,१०० वरून ७३,१०० वर गेलं. कापलेल्या सगळ्या कराची वजावट घेऊन वर परतावाही खिशात टाकला तर तो दावा चुकीचा ठरतो. दोन्ही देश एकमेकांना माहिती देतात, हे विसरू नये.

“रिटर्नही नको” हे तर या माणसासाठी सर्वांत महागडं वाक्य. वजावट आपोआप मिळत नाही. फॉर्म ६७ आयकर पोर्टलवर भरावा लागतो, सोबत कर भरल्याचा पुरावा. नियम १२८ प्रमाणे त्याची मुदत कर निर्धारण वर्षाच्या अखेरपर्यंत, म्हणजे इथे ३१ मार्च २०२७, पण रिटर्नही कायद्याने दिलेल्या मुदतीत भरलेलं हवं. व्यवहारात फॉर्म आधी आणि रिटर्न नंतर, हाच क्रम ठेवा. नाहीतर संगणक वजावट शून्य धरून मागणीची नोटीस पाठवतो. कराचं रूपांतर करताना कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यायचा, गूगलवरचा दर नाही.

रिटर्न आयटीआर-२. त्यात परदेशी मालमत्तेचा तक्ता, शेड्यूल एफए, सामान्य निवाशाला भरावाच लागतो, आणि तो कॅलेंडर वर्षाप्रमाणे असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये उघडलेलं जर्मन बँक खातं ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षात येतं, म्हणून याच रिटर्नमध्ये दाखवायचं, त्यात शंभर युरो असले तरी. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात हे लपवल्याचा दंड १० लाख आहे. स्थावर सोडून बाकी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून हा दंड लागत नाही, पण तक्ता भरण्याची जबाबदारी तशीच राहते.

दुबईला जाणाऱ्यांसाठी हा मेसेज आणखी घातक आहे. तिथे पगारावर कर नाही, त्यामुळे वजावट घ्यायलाही काही नाही. नोव्हेंबरमध्ये दुबईला गेलेला माणूस त्या वर्षी भारताचा निवासी राहिला, तर दुबईचे चार महिने पूर्ण भारतीय दराने करपात्र होतात. ऑफर लेटरवरची रुजू होण्याची तारीख दोन महिने अलीकडे आणता आली तर काही लाखांचा फरक पडतो. ही वाटाघाट पगाराच्या वाटाघाटीइतकीच करण्यासारखी आहे.

पुढच्या वर्षी तो खरोखर अनिवासी झाला तरी भारतातलं उत्पन्न करपात्रच राहतं: फ्लॅटचं भाडं, मुदत ठेवींचं व्याज, शेअरवरचा नफा. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दृष्टीने तो नोकरीसाठी निघाल्याच दिवशी अनिवासी झालेला असतो, म्हणून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यायला आयकराच्या मोजणीची वाट पाहायची नसते. ही दोन कायद्यांची दोन वेगळी उत्तरं आहेत. एनआरओ ठेवींवर ३ लाख व्याज आलं तर बँक उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे ९३,६०० कापते. भारत-जर्मनी करारात व्याजावर भारताचा हक्क १० टक्क्यांचाच, ३०,००० चा. जर्मन निवासी प्रमाणपत्र आणि सोबतचा करारासाठीचा फॉर्म (१९६१ च्या कायद्यातला क्रमांक १०एफ) बँकेला वेळेत दिला तर १० टक्केच कापले जातात. नाही दिला, तर जर्मनी फक्त ३०,००० ची वजावट मान्य करते, कारण त्यापुढचे भारताने करारानुसार घ्यायलाच नको होते. उरलेले ६३,६०० परत मिळवायचा एकच रस्ता राहतो: भारतात रिटर्न भरणं.